हिंदवाडीतल्या फ्लॅटचा खिडकीतला फोटो: नक्की कुठल्या बिल्डिंगचा, कितव्या मजल्याचा?

सीमेवरचा (निपाणी)

नमस्कार मंडळी. आई-बाबांसाठी बेळगावात हिंदवाडी साइडला फ्लॅट बघालोय, एजंटनं व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात पाठवली, तिसरा मजला, खाली पार्किंग, आणि सोबत एक फोटो, "हॉलच्या खिडकीतून दिसणारा व्ह्यू" म्हणून. फोटो मस्तच आहे पण मला कायतरी खटकालंय. बाबा म्हणतात तिसऱ्या मजल्यावरनं इतकं लांबचं दिसतच नाही, एजंट म्हणतो आमच्याच खिडकीतला आहे, येऊन बघा. तिकडं जायचं म्हणजे एक दिवस मोडतो, म्हणून आधी इथं विचारतो.

फोटोत काय काय आहे ते सांगतो. मधोमध लांबवर एक उंच बारीक खांब, झेंडा नाही, पण तो किल्ला तलावाचाच असणार असं वाटतं. खांबाच्या सरळ खाली, अलीकडं, पायांवर उभी असलेली गोल पाण्याची टाकी, खांब बरोबर तिच्या उजव्या कडेवर येतो. डावीकडं एका देवळाचा कळस, तो एका पिवळ्या घराच्या जिन्याच्या खोलीच्या उजव्या कोपऱ्याला चिकटून दिसतो. समोर रस्त्यापलीकडं गुलाबी अपार्टमेंट, त्याची गच्ची दिसते, गच्चीवर काळ्या टाक्या, थोडं पाणी साचलेलं. फोटोच्या डाव्या कडेला पांढऱ्या ग्रिलचा एक तुकडा आलाय. जाहिरातीतल्या बिल्डिंगचं लोकेशन माझ्याकडं आहे, तिचं नाव इथं टाकत नाही. ज्यांना मदत करायची आहे त्यांना फोटो मेसेजमधून पाठवतो.

चन्नम्मा_सर्कल

फोटो बघितला. उजव्या टोकाला लांब जी पांढरी रुंद बिल्डिंग आहे ती सुवर्णसौध नव्हे काय? ती धरली तर झालंच की, खांब आणि सौध दोन्हीकडनं रेघा मारा, जिथं मिळतात तिथं बिल्डिंग. आणि दुसरी गोष्ट, काळ्या टाक्यांची सावली आपल्याकडं, म्हणजे फोटो काढणाऱ्याकडं पडलीय. सावली दुपारी उत्तरेला पडते, म्हणजे हा माणूस उत्तरेला उभा राहून दक्षिणेकडं बघालाय, मग तो खांब किल्ल्याचा असूच शकत नाही. एकतर फोटो उलटा केलाय नाहीतर गावच दुसरं आहे.

काकती_नाना

चन्नम्मा, दोन रेघांची कल्पना बरोबर आहे, पण सौध धरू नका. सौध हलग्याला, हायवेच्या बाजूला. हिंदवाडीत उभं राहिलं की किल्ल्याचा खांब उत्तरेला, जरा पूर्वेकडं झुकून, आणि सौध पूर्वेला, तोसुद्धा किंचित दक्षिणेकडं. दोन्हींमधला कोन सत्तर-ऐंशी अंशाचा होतो. मोबाइलचा साधा कॅमेरा आडवा धरला तरी सदुसष्ट-अडुसष्ट अंशच घेतो आणि हा फोटो तर झूम केलेला किंवा कापलेला दिसतो, त्यात खांब मध्यभागी. म्हणजे ती पांढरी बिल्डिंग सौध असायची शक्यता नाही, दुसरं कायतरी आहे, कॉलेज असेल नाहीतर कल्याण मंडप असेल.

सावलीचं मात्र आपल्या भागात सांभाळून बोलावं लागतं. बेळगाव पंधरा अंश पन्नास मिनिटांच्या आसपास उत्तर अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते. आणि खरी दुपार घड्याळात साधारण साडेबाराला होते, बाराला नव्हे. गच्चीवर पाणी साचलंय, सावली आखूड आहे आणि बघणाऱ्याकडं येते, म्हणजे जून-जुलैतल्या उघडिपीला दुपारी उत्तरेकडं तोंड करून काढलेला फोटो. सगळं जुळतंय की.

चन्नम्मा_सर्कल

होय की, पावसाळ्यात उत्तरेला जातो सूर्य, ते डोक्यात आलं नाही. पण फोटो उलटा नाही हे कशावरनं?

अनगोळ_क्लिक

गुलाबी अपार्टमेंटच्या खाली दुकानाचा बोर्ड आहे, कानडी अक्षरं सरळ वाचायला येतात. उलटा केला असता तर अक्षरं फिरली असती.

झूमबद्दल पण सांगून टाकतो कारण नंतर कोणतरी म्हणणारच, झूम करून जवळ दाखवलंय म्हणून. झूमनं खांब मोठा दिसेल, टाकीच्या अगदी पाठीशी आल्यासारखा वाटेल, पण कशाच्या मागं काय येतं ते झूमनं बदलत नाही. खांब टाकीच्या उजव्या कडेवर आहे म्हणजे आहे. ते बदलायचं तर माणसालाच सरकावं लागतं. फोटोची माहिती मात्र गेली, व्हॉट्सअ‍ॅप ती काढून टाकतं, त्यामुळं लेन्स, तारीख, लोकेशन कायच मिळणार नाही.

शहापूर_सुमन

आमचं पण असंच झालं ओ. घेताना बाल्कनीतनं येळ्ळूरचा राजहंसगड स्वच्छ दिसायचा, दोन वर्षात समोर बिल्डिंग उठली, आता समोरच्यांचं वाळत घातलेलं दिसतं. बिल्डरला विचारलं तर म्हणतो व्ह्यूची गॅरंटी कोण देतंय. तुम्ही पण आधी समोरचा प्लॉट रिकामा आहे काय ते बघा. आणि खिडकी उत्तरेला आहे म्हणजे चांगलंच आहे, वास्तूला उत्तम.

सीमेवरचा (निपाणी)

सुमनताई, समोर प्लॉट रिकामा नाही, गुलाबी अपार्टमेंट आहे. माझा प्रश्न फोटो कुठनं काढलाय एवढाच आहे. नाना, रेघा कशा मारायच्या सांगा, मी मारून बघतो.

काकती_नाना

सर्वेत आम्ही रॉड एका ओळीत लावायचो तेच इथं उलटं करायचं. दोन वस्तू एकामागं एक दिसल्या की तुम्ही त्या दोघांतनं जाणाऱ्या सरळ रेघेवर कुठंतरी उभे आहात. एक जोडी तुमच्याकडं आहे खांब आणि टाकीची उजवी कड. दुसरी जोडी कळस आणि पिवळ्या घराचा कोपरा. नकाशावर दोन्ही रेघा तुमच्या बाजूला वाढवा, जिथं मिळतात तिथं खिडकी.

मारताना एक गोष्ट जपा. उपग्रहाचा फोटो बरोबर वरनं घेतलेला नसतो, तिरका असतो, त्यामुळं उंच वस्तूचा वरचा भाग जमिनीवरच्या जागेपासनं सरकलेला दिसतो. किल्ल्याचा खांब ११० मीटरचा, त्याचं टोक भलतीकडंच पडलेलं दिसेल आणि शेजारी सावली वेगळीच. टोकावर खूण केली तर रेघ चुकली. बुडाशी जा, चौथरा शोधा, तिथं खूण करा. टाकीचं पण तेच, वरचा गोल न धरता पाय जिथं जमिनीला टेकतात ते धरा आणि त्यावरनं गोलाची कड काढा.

दुसरं, फोटो वाकडा आहे काय ते तपासा. खांब टाकीच्या वर दिसतो, मधे थोडी जागा आहे, म्हणजे तुम्ही खांबाची रेघ खाली वाढवून टाकीला लावताय. फोटो तिरका असेल तर ती रेघ टाकीच्या भलत्या ठिकाणी उतरेल. खांबच ओळंबा समजा, तो फोटोत उभा सरळ होईपर्यंत फोटो फिरवा आणि मग खाली उतरा.

सीमेवरचा (निपाणी)

गूगल अर्थ प्रोवर केलं. चौथरा सापडला, झाडीत आहे पण कळतो. खांबापासनं बिल्डिंगपर्यंत जवळजवळ ३ किलोमीटर, टाकी ४०० मीटरवर. पिवळ्या घराचा कोपरा ९० मीटरवर, देऊळ ३५० वर. रेघा मारल्या तर त्या जाहिरातीतल्या बिल्डिंगच्या मागच्या भागात मिळतात, जिथं तिचा जिना आहे. पण शेजारी जरा मागं सरकून अजून एक उंच बिल्डिंग आहे, तिचा पुढचा कोपरा पण अगदी जवळच येतो. दोन्हीतली कुठली?

काकती_नाना

छेद ठिपक्यासारखा समजू नका. टाकीची कड तुम्ही मीटरभर इकडंतिकडं धरली तर तुमच्यापाशी रेघ मीटरहून जराशी जास्त सरकते. खांब लांब असल्यामुळं त्याची चूक फारशी पोचत नाही, म्हणून ती रेघ भरवशाची. देवळाच्या रेघेचं पण दीड मीटरच्या आतबाहेर धरा. पण दोन रेघांमधला कोन किती आहे?

सीमेवरचा (निपाणी)

पंचवीस अंश दाखवतंय.

काकती_नाना

तिथंच अडतं. रेघा काटकोनात मिळाल्या असत्या तर दीड मीटरची चूक दीडच राहिली असती. पंचवीस अंशात मिळतात तेव्हा छेद बघायच्या दिशेनं लांबट होतो, पुढं तीन-साडेतीन मीटर, मागं तीन-साडेतीन. डावी-उजवी बाजू पक्की, पुढं-मागं सैल. त्या लांबट पट्ट्यात तुमच्या बिल्डिंगचा जिना पण येतो आणि शेजारणीचा कोपरा पण. फोटोत उजवीकडं अजून एखादी जोडी मिळाली तर कोन वाढेल, नाहीतर नुसत्या रेघांनी हे सुटणार नाही. आता उंचीकडं जाऊ.

चन्नम्मा_सर्कल

उंचीला सोपं आहे, गुलाबी बिल्डिंग पार्किंग अधिक चार मजले आहे, तिची गच्ची दिसते म्हणजे फोटो पाचव्या मजल्यावरनं. संपला विषय.

काकती_नाना

दिशा बरोबर, पण "संपला" म्हणू नका, कारण गच्ची दिसते म्हणजे डोळा गच्चीच्या वर आहे एवढंच कळतं, किती वर ते कळत नाही. आधी नुसत्या नजरेनं करायची तपासणी सांगतो. समोरच्या बिल्डिंगचे छज्जे वरनं खाली एकेक बघा. जो छज्जा तुमच्या डोळ्याच्या खाली आहे त्याची वरची बाजू दिसते, शेवाळ, कुंड्या, कबुतराची घाण सगळं. जो वर आहे त्याची खालची बाजू दिसते, रंगाचे पोपडे, बल्बचा होल्डर. आणि जो बरोबर डोळ्याच्या उंचीला आहे त्याचं ना वरचं दिसत ना खालचं, नुसती एक रेघ दिसते. या फोटोत गुलाबीच्या सगळ्यात वरच्या छज्ज्याची पण वरची बाजू दिसते आणि कठड्याची वरची कड तर रुंद पट्टी दिसते. म्हणजे डोळा कठड्याच्याही वर.

आता किती वर. गुलाबी गच्चीचा मागचा कठडा तुमच्यापासनं किती लांब, आणि त्या कठड्यावरनं नजर पुढं टाकली की गोल टाकीचा कुठला भाग कठड्याला टेकतो ते सांगा. मला टाकीचं बूड टेकल्यासारखं दिसतंय.

सीमेवरचा (निपाणी)

होय, पाय दिसत नाहीत, गोलाचं बूड बरोबर मागच्या कठड्यावर बसल्यासारखं आहे. मागचा कठडा ६० मीटर, पुढचा ४८.

खानापूर_पॅसेंजर

मी उद्या दुसऱ्या रेल्वे गेटाकडं जालोय कामाला. गाडी वळवून बघून येतो की. काय बघू सांगा नाना.

काकती_नाना

गुलाबी बिल्डिंगच्या वॉचमनला विचारून जिना चढा, एका मजल्याला पायऱ्या किती ते मोजा आणि एका पायरीची उंची पट्टीनं घ्या. मजला दहा फूट म्हणून धरतात सगळे, पण इथं तीच संख्या सगळ्यात महत्त्वाची आहे. टाकीचं बूड जमिनीपासनं किती ते अंदाजानं चालेल. का ते नंतर सांगतो.

खानापूर_पॅसेंजर

जाऊन आलो. वॉचमन भला माणूस, चहा पण दिला. मजल्याला १८ पायऱ्या, पायरी साडेसहा इंच. पार्किंगची उंची तेवढीच. गच्चीचा कठडा माझ्या कमरेच्या वर, मीटरभर धरा. टाकीच्या पायाच्या कॉलमला आडवे बीम आहेत, बीममधलं अंतर बघून बूड १२ मीटरवर असावं. आणि टाकीकडं जाताना रस्ता उतरतो, स्कूटर बंद करून घसरत गेलो.

तुमची बिल्डिंग पण बाहेरनं बघितली. पार्किंग अधिक चार मजले, अगदी गुलाबीएवढीच. शेजारची मागची आहे ती पार्किंग अधिक सहा. दोन्हीला पांढऱ्या ग्रिली आहेत.

काकती_नाना

उत्तम काम. १८ पायऱ्या साडेसहा इंचानं म्हणजे तीन मीटरला जरा कमी, तीनच धरू. पार्किंग धरून पाच उंच्या, गच्ची १५ मीटरवर, कठड्याची कड १६. टाकीचं बूड १२ वर, पण तिथली जमीन गूगल अर्थमध्ये चार मीटर खाली दाखवते, म्हणजे आपल्या रस्त्याच्या पातळीपासनं ८.

कठडा ६० मीटरवर, टाकी ४०० वर, म्हणजे कठडा वाटेच्या पंधरा टक्क्यांवर. नजर डोळ्यापासनं निघून ६० मीटरवर १६ उंचीला आणि ४०० मीटरवर ८ उंचीला पोचते. दोन बिंदूंमधे ३४० मीटरात ८ मीटर उतरली, तर मागं ६० मीटर यायला अजून १.४ मीटर चढावी लागेल. डोळा १७.४ मीटरवर.

आता चूक किती ते बघा. टाकीची उंची किंवा तिथली जमीन तीन मीटरनं चुकली तरी डोळ्याची उंची अर्ध्या मीटरनंच हलते. म्हणून ते अंदाजानं चाललं. पण कठड्याची उंची एक मीटरनं चुकली तर डोळा एक मीटरहून जास्त हलतो. म्हणून पायऱ्या मोजायला लावल्या. एकूण मीटरभर इकडंतिकडं धरा.

मजल्यावर उभं राहून मोबाइल दीड मीटरवर धरतात. तिसऱ्या मजल्याची लादी ९ मीटरवर, डोळा साडेदहा. चौथा साडेतेरा. पाचव्याची लादी १५ वर, डोळा साडेसोळा. १७.४ ला सगळ्यात जवळचा तोच.

अनगोळ_क्लिक

पण नाना, एजंट म्हणेल तुमचं गणित पुस्तकातलं, खिडकीतनं खांब दिसतोच. त्याला काय उत्तर?

काकती_नाना

त्याला उलटं गणित विचारा. तिसऱ्या मजल्यावर डोळा साडेदहावर. समोर ४८ मीटरवर १६ मीटरचा कठडा. कठडा ओलांडायला नजर ४८ मीटरात साडेपाच मीटर चढली पाहिजे. त्याच चढानं ३ किलोमीटरवर ती साडेतीनशे मीटरच्या वर जाते. खांब ११० मीटर. बेळगावची जमीन चढउताराची आहे मान्य, पण किल्ला तलाव काय अडीचशे मीटर उंच टेकडीवर नाही. चौथ्या मजल्यावरनं केलं तरी नजर १७० वर जाते, तिथनं पण दिसत नाही.

चन्नम्मा_सर्कल

गुलाबीच्या वरनं नाही, बाजूच्या फटीतनं दिसत असेल तर? दोन बिल्डिंगांच्या मधनं?

काकती_नाना

हा मुद्दा खरा आहे. फटीतनं तिसऱ्या मजल्यावरनं पण दिसू शकतो, मधे दुसरं कायतरी आडवं नसेल तर. पण मग तो फोटो वेगळा झाला. या फोटोत खांब आणि टाकी दोन्ही गुलाबी गच्चीच्या वर आहेत. हा फोटो तिसऱ्या मजल्याचा नाही, एवढं मी लिहून देतो.

सीमेवरचा (निपाणी)

बाबांना वाचून दाखवलं, खूष झाले. पण माझ्या बिल्डिंगला पाचवा मजलाच नाही. मग शेजारच्या सहामजली बिल्डिंगचा पाचवा मजला ना?

खानापूर_पॅसेंजर

थांबा, तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जिन्याची खोली आहे, तिला रस्त्याच्या बाजूला खिडकी आहे आणि त्या खिडकीला पण पांढरी ग्रिल आहे. खालनं बघितली मी.

काकती_नाना

तुमच्या गच्चीची लादी १५ वर आणि शेजारच्या पाचव्या मजल्याची लादी पण १५ वर. उंचीनं या दोघांत फरक करता येणार नाही, आणि पट्टा पण दोन्हींवर पडतो. एकच खूण उरते. जिन्याच्या खोलीतनं काढला असेल तर खाली तुमच्याच गच्चीची लादी आणि कठडा दिसला पाहिजे, कारण खोली मागं आहे. शेजारच्या कोपऱ्यातनं काढला असेल तर तुमच्या गच्चीचा एक कोपरा डाव्या हाताला यायला पाहिजे. आणि फोटो नेमका खालनं कापलाय.

अनगोळ_क्लिक

कापलेलाच असणार. मोबाइल कॅमेऱ्यातला फोटो सहसा चारास तीन किंवा सोळास नऊ असतो, हा दोन्हीत बसत नाही. न कापलेला मागा.

सीमेवरचा (निपाणी)

मागितला. एजंटचं उत्तर: "सर फोटो फक्त कल्पना येण्यासाठी आहे, त्याच परिसरातला आहे." काल "आमच्याच खिडकीतला" होता. न कापलेला पाठवला नाही. रविवारी बाबांना घेऊन जातो, तिसऱ्या मजल्यावरनं काय दिसतं ते बघतो आणि जमलं तर जिन्याच्या खोलीत चढून तीच खांब-टाकी जोडी लागते काय बघतो.

काकती_नाना

चढलात तर खिडकीशी उभं राहून डावी-उजवीकडं एकेक पाऊल सरका. खांब टाकीच्या कडेवरनं हलतो काय बघण्यात अर्थ नाही, तो एका पावलाला जेमतेम हलतो. कळस आणि पिवळ्या घराचा कोपरा बघा, ते जवळचे आहेत, एका पावलात कळस कोपऱ्याआड जाईल नाहीतर सुटा दिसेल. तो बरोबर चिकटला तर तीच खिडकी.

शहापूर_सुमन

नाना, मग आमच्या समोर अजून दोन मजले चढवणार म्हणतात, राहिलेला गड पण जाणार काय ते असंच काढता येईल? आम्ही चौथ्या मजल्यावर, समोरची बिल्डिंग वीस मीटरवर, आत्ता तिची पार्किंग अधिक तीन मजले झालीत.

काकती_नाना

येईल की. तुमचा डोळा साडेतेरावर, समोरची गच्ची आत्ता १२ वर, कठडा धरून १३. म्हणजे आत्ता तुम्ही अर्ध्या मीटरनं वर आहात. दोन मजले चढले की कठडा १९ वर. नजर वीस मीटरात साडेपाच चढली पाहिजे, म्हणजे पंधरा अंशांच्या वर. गड सात-आठ किलोमीटरवर, त्याला इतका कोन मिळायला दोन किलोमीटर उंच डोंगर लागेल. एक मजला चढला तरी जाईल. बाजूनं दिसत असेल तेवढाच राहील.

शहापूर_सुमन

बाजूला नारळ आहे त्यांचा.